विश्लेषण : पाण्यावर जास्तीत जास्त किती वजनाची सुई तरंगू शकते? खरी मर्यादा लांबीची की जाडीची?

पोलाद पाण्यापेक्षा जवळपास आठपट घन असते. तरीही वाटीभर पाण्यावर शिवणाची सुई हलक्या हाताने आडवी ठेवली, तर ती तरंगते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग अनेकांनी पाहिलेला असतो. बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि प्रवेश परीक्षांमध्ये त्यावर प्रश्नही येतो : अमुक लांबीची सुई पाण्यावर तरंगायची असेल तर तिचे वजन जास्तीत जास्त किती असू शकेल? सूत्रात आकडे टाकले की उत्तर मिळते. पण त्याच उत्तरावर विसंबून घरी प्रयोग केला, तर सूत्रानुसार तरंगायला हवी ती सुई बऱ्याचदा बुडते. असे का होते? ही मर्यादा नेमकी कशाची असते आणि ती कशी तपासायची?

सुई तरंगते म्हणजे नेमके काय होते?

पाण्याच्या आतील रेणूला चारही बाजूंनी शेजारचे रेणू ओढत असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारे कोणी नसते. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग शक्य तितके आकुंचन पावण्याचा प्रयत्न करतो. पृष्ठभागाच्या या ओढीला पृष्ठताण म्हणतात. स्वच्छ पाण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला त्याचे मूल्य मीटरमागे ०.०७२ न्यूटन असते. जुन्या पुस्तकांत हेच मूल्य सेंटिमीटरमागे ७२ डाइन असे दिलेले आढळते.

सुई ठेवल्यावर तिच्या वजनाने पाण्याचा पृष्ठभाग खाली दबतो आणि तिच्याभोवती लांबट खळगा तयार होतो. सुईच्या दोन्ही कडांना चिकटलेला पृष्ठभाग आता आडवा नसून तिरका असतो. ताणाची दिशा पृष्ठभागाच्या उताराला धरून असल्यामुळे त्याचा काही भाग सुईला वर ओढतो. उतार जितका जास्त, तितकी वरची ओढ जास्त. झोळीत बाळ ठेवले की दोन्ही बाजूंचे कापड खाली झुकते आणि झुकल्यामुळेच भार पेलते, तसाच हा प्रकार आहे. फरक असा, की पाण्यावर कोणतेही वेगळे कापड किंवा पापुद्रा नसतो. पृष्ठभागावरचे तेच पाणी हे काम करते.

कमाल वजनाचे सूत्र कुठून येते?

पृष्ठभागाचा उतार वाढत वाढत सुईजवळ पूर्ण उभा झाला, तर सगळा ताण वरच्या दिशेने काम करू लागतो. त्याहून अधिक ओढ मिळणे शक्य नाही. सुईला दोन बाजू असतात आणि दोन्ही बाजूंनी पृष्ठभाग तिच्या पूर्ण लांबीवर चिकटलेला असतो. म्हणून कमाल वजन W = 2TL असे लिहितात. यात T म्हणजे पृष्ठताण आणि L म्हणजे सुईची लांबी. विद्यार्थ्यांची सर्वांत नेहमीची चूक इथेच होते. सूत्रातला २ विसरला जातो आणि उत्तर निम्मे येते.

४ सेंटिमीटर लांबीच्या सुईचे गणित करून पाहू. ०.०७२ गुणिले ०.०४ गुणिले २ म्हणजे ०.००५७६ न्यूटन. डाइनमध्ये हेच उत्तर ५७६ डाइन येते. वस्तुमानात सांगायचे तर सुमारे ०.५९ ग्रॅम. सुईच्या दोन टोकांनाही पृष्ठभाग चिकटलेला असतो, पण टोकांची रुंदी मिलिमीटरपेक्षाही कमी असल्याने तिथून मिळणारा आधार एकदोन टक्क्यांचाच असतो. गणितात तो सोडून दिला तरी चालतो.

आता प्रत्यक्षातली सुई घेऊ. लांबी तीच, ४ सेंटिमीटर, आणि जाडी ०.८ मिलिमीटर. पोलादाची घनता घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम धरली, तर तिचे वस्तुमान सुमारे ०.१६ ग्रॅम भरते. म्हणजे पाण्याची कमाल क्षमता या सुईच्या वजनाच्या साडेतीनपटींहून जास्त आहे. त्यामुळे पृष्ठभागाला पूर्ण उभे व्हावे लागत नाही. अवघा १४-१५ अंशांचा उतार पुरतो आणि खळगा पाऊण मिलिमीटरच्या आसपास खोल जातो. साधी सुई इतक्या सहज का तरंगते, त्याचे उत्तर या फरकात आहे.

मग मर्यादा वजनाची की जाडीची?

सूत्र वाचून असे वाटते, की सुई जितकी लांब तितके जास्त वजन पाणी पेलेल. ते खरेच आहे. पण सुई लांब झाली की तिचे वजनही त्याच प्रमाणात वाढते. दुप्पट लांबीच्या सुईला आधार दुप्पट मिळतो आणि तिचे वजनही दुप्पट असते. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची लांबी रद्द होते आणि हातात उरते ती फक्त जाडी.

पोलादासाठी हे गणित सोडवले, तर कमाल जाडी सुमारे १.५ मिलिमीटर येते. याचा अर्थ, १ मिलिमीटर जाडीची सरळ सळई चार सेंटिमीटर लांब असो वा चार मीटर, स्थिर पाण्यावर नीट ठेवली तर तरंगू शकते. उलट ३ मिलिमीटर जाडीचे, पोती शिवायचे दाभण कितीही आखूड कापले तरी बुडणार. जाडी दुप्पट केली की वजन चौपट होते, आधार मात्र तेवढाच राहतो. दाभणाचे वजन दर सेंटिमीटरला सुमारे ०.५५ ग्रॅम भरते आणि पाण्याची क्षमता सेंटिमीटरमागे ०.१५ ग्रॅमहून थोडी कमीच आहे.

हा ०.१५ चा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण त्यावरून कोणतीही पोलादी सुई न बुडवता तपासता येते. एकाच मापाच्या दहा सुया सोनाराच्या काट्यावर एकत्र ठेवाव्यात. आलेल्या वजनाला दहाने भागले की एका सुईचे वजन मिळते. त्याला सेंटिमीटरमधल्या लांबीने भागावे. उत्तर ०.१५ ग्रॅमपेक्षा बरेच कमी आले, तर ती सुई तरंगू शकते. आपल्या उदाहरणातल्या सुईसाठी हे उत्तर ०.०४ येते.

धातू बदलला की जाडीची मर्यादाही बदलते. सोन्याची घनता पोलादाच्या जवळपास अडीचपट आहे. त्यामुळे सोन्याच्या तारेसाठी ही मर्यादा १ मिलिमीटरच्या जवळ येते.

यात आर्किमिडीजचा नियम मोडतो का?

वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला मिळतो, हा आर्किमिडीजचा नियम. आपल्या सुईचे आकारमान फक्त ०.०२ घन सेंटिमीटर आहे. म्हणजे ती पूर्ण बुडाली तरी तिला ०.०२ ग्रॅमचाच आधार मिळेल. ०.१६ ग्रॅमची सुई त्यावर कशी पेलली जाते?

हा वाद जुना आहे. पाण्यापेक्षा घन असलेल्या आबनूस लाकडाची पातळ चकती पाण्यावर का तरंगते, यावरून फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओ आणि त्याच्या विरोधकांत जोरदार वाद झाला होता. गॅलिलिओने १६१२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने नोंदवलेली बाब महत्त्वाची होती. तरंगणारी चकती पाण्याच्या पातळीवर नसते, ती त्या पातळीच्या थोडी खाली असते आणि तिच्याभोवती पाण्याचे लहानसे बांध उभे असतात. त्या खळग्यातली हवा धरून हिशेब केला, तर आर्किमिडीजचा नियम टिकतो, असे त्याचे म्हणणे होते. पृष्ठताणाची कल्पना तेव्हा कोणाला नव्हती.

अमेरिकी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी १९९८ मध्ये याची व्यापक सिद्धता दिली. पृष्ठताणामुळे वस्तूला वरच्या दिशेने जेवढा आधार मिळतो, तो वस्तूभोवती वाकलेल्या पृष्ठभागाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकाच असतो, असे त्यांनी दाखवले. म्हणजे आपल्या सुईने एकूण ०.१६ ग्रॅम पाणी हटवलेले असते. त्यातले सुमारे ०.०२ ग्रॅम तिच्या स्वतःच्या आकारमानाचे आणि उरलेले ०.१४ ग्रॅम भोवतीच्या खळग्याचे. नियम मोडत नाही. फक्त हटवलेले पाणी मोजताना खळगाही मोजावा लागतो.

सूत्रात बसणारी सुई तरीही का बुडते?

W = 2TL या सूत्रात एक गृहीतक दडलेले आहे. पृष्ठभाग सुईजवळ पूर्ण उभा होऊ शकतो, असे त्यात मानलेले असते. ते शक्य आहे की नाही, हे पाण्यावर अवलंबून नसून सुईच्या पृष्ठभागावर अवलंबून असते.

पाण्याचा थेंब मेणावर ठेवला तर तो गोळा होऊन राहतो. स्वच्छ काचेवर ठेवला तर पसरतो. थेंबाची कड ज्या कोनात पृष्ठभागाला भेटते, त्याला स्पर्शकोन म्हणतात. मेणावर तो ९० अंशांहून जास्त असतो. हाताच्या तेलकटपणाचा सूक्ष्म थर असलेल्या पोलादावर तो मध्यम असतो. घासूनपुसून तेलाचा अंशही न ठेवलेल्या पोलादावर तो खूप कमी होतो. सुईच्या बाबतीत नियम सोपा आहे : तिच्या कडेला पाण्याचा उतार या स्पर्शकोनापेक्षा जास्त होऊ शकत नाही. तो होऊ लागला की पाणी सुईच्या पाठीवर चढते, दोन्ही बाजूंच्या कडा वर एकमेकींना भेटतात आणि सुई एकदम तळाला जाते.

म्हणून स्पर्शकोन ३० अंश असेल, तर पृष्ठताणाचा निम्माच भाग कामी येतो आणि कमाल जाडी १.५ वरून १.१ मिलिमीटरपर्यंत घसरते. कोन शून्याजवळ असेल, तर बारीक सुईही टिकत नाही. साबणाने चकचकीत धुतलेली सुई बुडते आणि शिवणाच्या डब्यातली, बोटांनी हाताळलेली सुई तरंगते, त्याचे कारण हेच आहे.

सुईला मेण किंवा व्हॅसलीन लावले तर वजनाची मर्यादा वाढते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. मेणामुळे पाण्याचा ताण वाढत नाही. आहे तो ताण पुरता वापरता येतो, एवढेच. पृष्ठभाग उभा झाल्यावर ओढ कमाल होते आणि त्यापुढे कोणताही लेप ती वाढवू शकत नाही. सुई तेलात बुडवून काढणे तर उलटेच ठरते. जास्तीचे तेल पाण्यावर पसरते आणि पाण्याचाच पृष्ठताण कमी करते. लेप लावून कोरड्या कापडाने पुसून घेतलेली सुई चांगली.

साबणाचा थेंब टाकल्यावर काय होते?

तरंगत्या सुईच्या एका बाजूला भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा थेंब टाकला, तर सुई आधी विरुद्ध बाजूला झपकन सरकते आणि मग बुडते. ‘साबणाने पृष्ठताण कमी होतो म्हणून सुई बुडते’ असे उत्तर सहसा दिले जाते. आकडे घातले की ते अपुरे असल्याचे कळते.

साबणाने पाण्याचा पृष्ठताण साधारण ४० टक्क्यांवर येतो. म्हणजे ४ सेंटिमीटर सुईसाठी कमाल क्षमता ०.५९ वरून ०.२३ ग्रॅमच्या आसपास उतरते. आपली सुई ०.१६ ग्रॅमची आहे. नुसत्या ताणाच्या हिशेबाने ती अजून तरंगायला हवी. ती बुडते, कारण साबण दुसरेही काम करतो. तो सुईच्या तेलकट थरावर बसतो आणि पाण्याला पोलादावर पसरू देतो. स्पर्शकोन कोसळतो, पाणी सुईच्या पाठीवर चढते. कपड्यांवरचा तेलकट डाग भिजवण्याचे जे काम साबण करतो, तेच तो इथे करतो.

सुरुवातीची ती सरक मात्र निव्वळ ताणाची असते. साबणाच्या बाजूचा ताण कमी झालेला असतो आणि पलीकडच्या बाजूचा अजून पूर्ण असतो. त्यामुळे सुई जास्त ताणाच्या दिशेला ओढली जाते. पाणी तापवल्याचा परिणाम याच्या तुलनेत किरकोळ असतो. २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवलेल्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे नऊ टक्केच घटतो.

मर्यादा घरी कशी तपासता येईल?

यासाठी हार्डवेअरच्या दुकानातली लोखंडी तार सुईपेक्षा सोयीची पडते, कारण ती ठरावीक गेजमध्ये मिळते. २० गेजची तार ०.९१ मिलिमीटर जाड असते, १८ गेजची १.२२, १६ गेजची १.६३ आणि १४ गेजची २.०३. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते. प्रत्येकीचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा. गुंडाळीतून काढलेली तार वाकडी असते. दोन सपाट फळ्यांमध्ये लाटून ती सरळ करावी लागते, कारण वाकडेपणामुळे एखादा भाग आधीच खोल जातो. कापलेल्या टोकांवरची धार पॉलिश पेपरने घासून काढावी. प्रत्येक तुकडा मेणबत्तीवर हलका घासून कापडाने पुसावा.

गणित काय सांगते? २० गेजची तार सेंटिमीटरमागे ०.०५ ग्रॅम भरते. ती सहज तरंगायला हवी. १८ गेजची ०.०९ ग्रॅम भरते. तिला सुमारे ३३ अंशांचा उतार लागतो. मेण लावलेली किंवा हाताळलेली तार तो देऊ शकते, तेल पूर्ण काढलेली तार देऊ शकेलच असे नाही. १४ गेजची तार ०.२५ ग्रॅमच्या पुढे जाते आणि कोणत्याही उपायाने बुडतेच.

खरी गंमत १६ गेजमध्ये आहे. तिचे वजन सेंटिमीटरमागे ०.१६३ ग्रॅम, म्हणजे सूत्राच्या ०.१४७ या मर्यादेहून जास्त. सूत्र म्हणते, ही बुडणार. पण सूत्रात तारेने स्वतःच्या आकारमानाने हटवलेले पाणी धरलेले नसते. ते सेंटिमीटरमागे ०.०२ ग्रॅमच्या आसपास भरते. ते वजा केले, की पृष्ठताणाला पेलायचे उरते ०.१४२ ग्रॅम. मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. म्हणजे मेण लावलेली, सरळ, गुळगुळीत तार अत्यंत सावकाश ठेवली तर टिकू शकते. तीच तार साबणाने धुऊन ठेवली, तर टिकण्याची शक्यता नाही. जाडीची मर्यादा एका ठाम आकड्यात न सांगता ‘१.५ मिलिमीटरच्या आसपास’ अशी का सांगतात, ते या एका तारेवरून कळते.

ठेवताना चूक कुठे होते?

बहुतेक सुया वजनामुळे नव्हे, तर ठेवण्याच्या पद्धतीमुळे बुडतात. बोटातून सोडलेली सुई एका टोकाने आधी पाण्याला भिडते. टोकावर तिचे सारे वजन येते आणि तेवढ्याशा कडेचा पृष्ठभाग ते पेलू शकत नाही. यावर जुना उपाय म्हणजे टिश्यू पेपरचा तुकडा पाण्यावर ठेवून त्यावर सुई आडवी ठेवायची. मग काडीने कागदाच्या कडा हळूहळू खाली दाबायच्या. कागद भिजून खाली जातो, सुई वर राहते. जेवणाच्या काट्यावर आडवी ठेवून काटा सावकाश पाण्यात उतरवला तरी चालते. एकदा बुडालेली सुई लगेच परत ठेवू नये. तिच्या पाठीवर पाण्याचा थर असतो. ती पूर्ण कोरडी करावी.

सुई खरोखर ताणावर तरंगते आहे, की कागदाच्या चिकटलेल्या धाग्यावर, हे ओळखायला पांढऱ्या तळाची ताटली आणि वरून एकच दिवा पुरतो. तळावर सुईची सावली पाहावी. ती सुईपेक्षा बरीच रुंद दिसते आणि तिच्या कडांना उजळ रेघ असते. खळग्याचा वाकलेला पृष्ठभाग प्रकाश बाहेरच्या बाजूला वळवतो, त्याची ही खूण. सावली जितकी रुंद, तितका खळगा मोठा.

शिलाई यंत्राच्या सुईने प्रयोग करणाऱ्यांची मात्र हमखास फसगत होते. पाकिटावर ९०/१४ असे लिहिलेले असते. त्यातला ९० म्हणजे सुईच्या दांड्याची जाडी ०.९० मिलिमीटर. हा आकडा मर्यादेच्या खूप आत आहे. पण यंत्रात अडकवायचा वरचा भाग जवळपास २ मिलिमीटर जाड असतो. सगळी सुई वजन करून लांबीने भागली, तर सरासरी मर्यादेत बसते. तरी जड टोक आधी खाली झुकते, त्या टोकावर पाणी चढते आणि बाकीची सुई त्याच्यामागे जाते. सरासरी वजन मर्यादेत असणे पुरेसे नाही. सुईच्या प्रत्येक मिलिमीटरला आपला भार तिथल्या पाण्याकडून पेलून घ्यावा लागतो.